'नॉन-रिफंडेबल' विमान तिकिटाचेही काही पैसे परत मिळतात

मुंबई : स्वस्तातले विमान तिकीट काढताना 'रद्द केल्यास परतावा नाही' ही ओळ बहुतेक प्रवासी वाचतात आणि मान्य करतात. पुढे बेत बदलला की सगळे पैसे बुडाले असे समजून ते गप्प बसतात. कित्येक जण तिकीट रद्द करण्याचीही तसदी घेत नाहीत. प्रत्यक्षात अशा तिकिटातील काही रक्कम विमान कंपनीची नसतेच. ती प्रवाशाला परत मिळणे हा त्याचा हक्क आहे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) परताव्याविषयीच्या नियमावलीत २०१६ मध्ये सुधारणा झाली. रद्द करण्याचे शुल्क कोणत्याही परिस्थितीत मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू नये, असे बंधन त्यात घालण्यात आले. तसेच वैधानिक कर आणि विमानतळाशी संबंधित शुल्क प्रवाशाला परत द्यावे, असेही स्पष्ट करण्यात आले. सवलतीच्या आणि 'नॉन-रिफंडेबल' भाड्यांना ही तरतूद लागू आहे. प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही, म्हणजे 'नो शो' झाला, तरीही ती लागू होते.

याचे कारण तिकिटाच्या रचनेत आहे. मूळ भाडे आणि इंधन अधिभार कंपनीच्या खात्यात जातात. वापरकर्ता विकास शुल्क (यूडीएफ) आणि सुरक्षा शुल्क मात्र कंपनी केवळ गोळा करते. जो प्रवासी उडालाच नाही, त्याच्याकडून हे शुल्क घेण्याचे कारण उरत नाही.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. पुणे-दिल्ली प्रवासाच्या तिकिटात मूळ भाडे ३,६०० रुपये, इंधन अधिभार ४०० रुपये, यूडीएफ ३५० रुपये, सुरक्षा शुल्क २०० रुपये, जीएसटी २०० रुपये आणि संकेतस्थळाचे सुविधा शुल्क ३०० रुपये धरले, तर एकूण ५,०५० रुपये होतात. कंपनीच्या तक्त्यात रद्द करण्याचे शुल्क ४,५०० रुपये लिहिलेले असले, तरी तिला जास्तीत जास्त ४,००० रुपये कापता येतात. यूडीएफ आणि सुरक्षा शुल्काचे मिळून ५५० रुपये प्रवाशाला परत यायलाच हवेत.

जीएसटीबाबत थोडी गुंतागुंत आहे. रद्द केल्यावर कापून घेतलेल्या रकमेवरही प्रवासाच्याच दराने कर लागतो, असे सरकारने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. त्यामुळे पूर्ण भाडे कापले गेल्यास त्यावरील जीएसटी परत येईलच असे नाही. सुविधा शुल्कही सहसा परत मिळत नाही.

या ५५० रुपयांना गळती लागते ती बहुधा मध्यस्थाकडे. कंपनीच्या शुल्काखेरीज प्रवासी संकेतस्थळ किंवा एजंट स्वतःचे रद्द शुल्क वेगळे लावतो. ते ४०० रुपये असेल, तर हाती १५० रुपयेच उरतात. म्हणून तिकीट रद्द करण्याआधी पडद्यावर दिसणाऱ्या हिशेबात कंपनीचे किती आणि मध्यस्थाचे किती, हे वेगवेगळे पाहावे. परताव्यावर प्रक्रिया करण्यासाठी विमान कंपनीला वेगळे शुल्क आकारता येत नाही. तिकीट एजंटमार्फत काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी नियमानुसार कंपनीचीच असते. एजंट हा तिचाच प्रतिनिधी मानला जातो.

'नो शो'च्या बाबतीत परतावा अनेकदा आपोआप येत नाही, तो मागावा लागतो. पीएनआर आणि तिकिटाची प्रत जोडून कंपनीकडे लेखी मागणी करावी. मागणीची मुदत कंपनीच्या अटींमध्ये पाहून घ्यावी. जाणे होणार नाही हे आधी कळले असेल, तर तिकीट मुदतीत रद्द करणेच सोयीचे, कारण मग हिशेब तिथल्या तिथे दिसतो आणि त्याची प्रत जपून ठेवता येते.

परताव्याऐवजी ती रक्कम पुढील प्रवासासाठी 'क्रेडिट शेल'मध्ये जमा झाल्याचा संदेश येतो, तेव्हाही लक्ष द्यावे. हा पर्याय स्वीकारायचा की नाही, हे प्रवाशाने ठरवायचे असते. कंपनी तो परस्पर लादू शकत नाही.

आणखी एक खबरदारी. उड्डाण कंपनीच रद्द करणार अशी चिन्हे असतील, तर प्रवाशाने घाईने तिकीट रद्द करू नये. कंपनीने उड्डाण रद्द केल्यास पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मिळतो. स्वतः रद्द केल्यास वर सांगितलेली कपात लागू होते.

कंपनीने दाद दिली नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही उपलब्ध आहे. तक्रारीत 'पैसे परत मिळाले नाहीत' एवढेच न लिहिता भाडे, यूडीएफ, सुरक्षा शुल्क आणि प्रत्यक्ष झालेली कपात यांचे आकडे मांडावेत.