अंतराने सराव (धातुरूपांचा)

धातुरूपांचा तक्ता एका बैठकीत दहा वेळा म्हणण्याऐवजी काही दिवसांचे अंतर सोडून, न बघता आणि क्रम मोडून आठवून काढण्याची पद्धत. महाराष्ट्रात तिचा उपयोग मुख्यतः आठवी ते दहावीच्या संस्कृतात होतो. येथे उदाहरणासाठी धाराशिव जिल्ह्यातील येडशीचा दहावीचा विद्यार्थी कल्पिला आहे. त्याला गम् धातूची लङ् लकाराची, म्हणजे भूतकाळाची, नऊ रूपे पक्की करायची आहेत.

घोकंपट्टीचा दोष त्या नऊ रूपांतच दिसतो. ‘अगच्छत् अगच्छताम् अगच्छन्’ ही ओळ तालावर म्हटली की प्रत्येक रूप मागच्या रूपाला बांधले जाते. मग ‘आम्ही गेलो’ला संस्कृतात काय म्हणतात, असे विचारले की मुलगा पहिल्यापासून म्हणत जातो आणि शेवटी ‘अगच्छाम’ला पोहोचतो. दहा वेळा लिहून काढण्याने फारसा फरक पडत नाही, कारण दुसऱ्या खेपेपासून डोळा वरच्या ओळीवर असतो आणि आठवावे असे काही लागतच नाही.

विसरण्याचा वेग आणि सरावातील अंतर यांचा संबंध हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून मांडला. शाळेला जवळचा प्रयोग १९८१ चा आहे. ब्लूम आणि शूएल यांनी फ्रेंच शब्द शिकणाऱ्या मुलांच्या एका गटाला सलग तीस मिनिटे दिली, तर दुसऱ्याला तीन दिवस रोज दहा मिनिटे. लगेच घेतलेल्या चाचणीत दोन्ही गट जवळपास सारखे ठरले. चार दिवसांनी मात्र दुसरा गट बराच पुढे होता. सलग घोकणाऱ्याला त्या संध्याकाळी सगळे येते, म्हणून फसगत उशिरा कळते.

पहिल्या दिवशी पाठ करण्याआधी रूपाची घडण समजून घ्यावी. ‘गच्छ’ हे अंग, त्याआधी ‘अ’ आणि शेवटी प्रत्यय: त्, ताम्, अन्, विसर्ग, तम्, त, अम्, व, म. व आणि म यांच्याआधी अंगाचा शेवटचा स्वर दीर्घ होतो, म्हणून अगच्छाव, अगच्छाम. त्यानंतर पुस्तक मिटून रिकामा तक्ता भरावा आणि चुका लाल शाईने दुरुस्त कराव्यात.

मग चिठ्ठ्या कराव्यात. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला रूप. ‘ते दोघे काल रामलिंगला गेले’ या चिठ्ठीमागे ‘अगच्छताम्’ असेल. येडशीजवळच्या घाटातील हे देवस्थान मुलाच्या ओळखीचे असल्याने वाक्याचा अर्थ लावण्यात वेळ जात नाही. मराठीत द्विवचन नाही, त्यामुळे ‘दोघे’ लिहिलेच पाहिजे. नुसते ‘तुम्ही गेलात’ हे दोघांनाही लागू पडते, अनेकांनाही आणि आदराने एकालाही. ‘तो गेला’ आणि ‘ती गेली’ अशा दोन्ही चिठ्ठ्या ठेवाव्यात. दोन्हींचे उत्तर ‘अगच्छत्’च आहे, कारण संस्कृत क्रियापदाच्या या रूपांत लिंगभेद नसतो. मराठी मुले इथे हमखास वेगळे रूप शोधतात.

चिठ्ठ्या पिसून दुसऱ्या, पाचव्या, बाराव्या आणि सव्विसाव्या दिवशी विचाराव्यात. एका फेरीला पाच-सात मिनिटे पुरतात. चुकलेली चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी परत घ्यावी. ओठ हलवत सगळी ओळ म्हणून मिळवलेले उत्तर बरोबर असले, तरी ते चुकीतच धरावे. ही अट सैल सोडली की पद्धत पुन्हा घोकंपट्टीच होते. पाचव्या दिवसापासून लट् आणि लोट् लकारांच्या चिठ्ठ्या मिसळाव्यात. ‘अगच्छतम्’ आणि ‘अगच्छताम्’, ‘अगच्छत्’ आणि ‘अगच्छत’, किंवा लोट्मधले ‘गच्छताम्’ अशी फसवी रूपे जवळ आली की गोंधळ नेमका कुठे आहे ते उघड होते. ज्या दोन रूपांची अदलाबदल वारंवार होते, ती एकाच वाक्यात वापरून लिहून घ्यावीत. परीक्षेत तक्ताही विचारला जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक फेरीच्या शेवटी तो एकदा क्रमाने, न बघता लिहावा.

चिठ्ठ्या फार झाल्या की फेऱ्या तुंबतात आणि मुलगा त्या सोडून देतो. त्यामुळे आठवड्याला एकच नवा तक्ता घ्यावा. पठ्, वद् यांची लङ् रूपे त्याच साच्यात बसतात. त्यांच्या नवीन चिठ्ठ्या न करता ती थेट विचारावीत. मुलाने ‘अवदन्’ स्वतः बनवले, तर प्रत्यय वेगळे ओळखता येऊ लागले असे समजावे. उपसर्ग लागला की मात्र हा आधार सुटतो. ‘अ’ उपसर्गाच्या आधी नाही, तर उपसर्ग आणि धातू यांच्या मध्ये येतो. म्हणून अनुगम्‌चे लङ् रूप ‘अन्वगच्छत्’ होते. कितीही अंतर ठेवून तक्ता पक्का केला, तरी हा नियम त्यातून सुचत नाही. तो वेगळा शिकवून त्याची स्वतंत्र चिठ्ठी करावी लागते.