रिश्त्याच्या वेबसाइटचा पेड प्लॅन : नंबर किती, मुदत किती, हायलाइट कशासाठी?

मुला-मुलीचा बायोडाटा रिश्त्याच्या वेबसाइटवर टाकला की दोन-चार दिवसांत कंपनीच्या माणसाचा फोन येतो. "सर, तुमच्या मुलीला खूप इंटरेस्ट आलेत, पेड झालात तर नंबर बघता येतील." मग तीन-चार प्लॅन सांगितले जातात आणि घरातले सगळे किमतीवर चर्चा करत बसतात. पण किमतीच्या आधी तीन गोष्टी बघायला हव्यात : प्लॅनमध्ये किती नंबर बघता येतात, मुदत किती आहे आणि प्रोफाइल हायलाइट करून नेमकं काय मिळतं.

बहुतेक वेबसाइटवर प्रोफाइल बनवणं, शोधणं आणि इंटरेस्ट पाठवणं फुकट असतं. पैसे लागतात ते समोरच्याचा मोबाइल नंबर बघायला आणि सविस्तर मेसेज लिहायला. प्लॅनमध्ये '४० नंबर' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ४० वेळा 'नंबर पाहा' हे बटण दाबता येईल, इतकाच. त्या ४० जणांशी बोलणं होईलच, असं नाही. नंबर बंद असला, कोणी उचलला नाही, किंवा "मुलाचं ठरलंय, प्रोफाइल काढायचं राहिलं" असं उत्तर आलं तरी तुमचा एक नंबर खर्च झालेला असतो. काही कंपन्या चुकीचा नंबर कळवल्यावर तो परत जमा करतात, काही करत नाहीत. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या, आणि फोनवर नाही, ईमेलवर किंवा चॅटवर विचारा, म्हणजे लेखी उत्तर हातात राहील. दुसरा प्रश्न समोरच्याने नंबर लपवला असेल तर काय, हा. मुलींच्या प्रोफाइलवर 'आम्ही होकार दिल्यावरच नंबर दिसेल' अशी सेटिंग सर्रास असते. तिथे तुमचा प्लॅन कितीही मोठा असला तरी नंबर उघडत नाही.

मग नंबर किती लागतील? याचा अंदाज फुकट खात्यावरूनच काढता येतो. एक उदाहरण घेऊ (आकडे समजण्यापुरते आहेत). मिरजेचं एक कुटुंब, मुलगी २६ वर्षांची, बी.फार्म. झालेली. अब्बांनी वेबसाइटवर वय २७ ते ३२, पदवीधर, सांगली-कोल्हापूर-पुणे असा शोध घेतला आणि आपली बिरादरी निवडली. ६२ मुलं निघाली. आता प्रत्येक प्रोफाइलवर 'शेवटचं लॉगिन' बघायचं. गेल्या महिनाभरात आलेले निघाले ३१. त्यातही पगार, शिक्षण, घरची माहिती नीट वाचल्यावर खरोखर फोन करावा असे उरले १८. दर महिन्याला दोन-तीन नवीन प्रोफाइल येतील असं धरलं, तर तीन महिन्यांत २५-२६ नंबर पुरतात.

आता समजा दोन प्लॅन आहेत. पहिला ३ महिने, ४० नंबर, ३,००० रुपये. दुसरा ६ महिने, १०० नंबर, ५,००० रुपये. फोनवरचा माणूस सांगेल की पहिल्यात एक नंबर ७५ रुपयांना पडतो आणि दुसऱ्यात फक्त ५० ला. हिशोब बरोबर आहे, पण सगळे नंबर वापरले तरच. या कुटुंबाला लागणार २६. त्यावर भागलं तर पहिला प्लॅन नंबरामागे साधारण ११५ रुपयांना पडतो आणि दुसरा १९२ ला. सांगितलेल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलाय की वर लागणार, तेही बघा. उलट शोध मोठा असेल, म्हणजे बिरादरीची अट नाही आणि मुंबई-ठाण्यापासून गल्फमधल्या मुलांपर्यंत सगळं चालणार असेल, तर ४० नंबर महिनाभरात संपतील आणि मोठा प्लॅनच परवडेल.

मुदतीत आपल्या लोकांचं जास्त नुकसान होतं. मुदत पैसे भरले त्या दिवसापासून चालू होते. फोटो मंजूर व्हायला, ओळखपत्र तपासायला जे दिवस जातात तेही त्यात मोजले जातात. म्हणून प्रोफाइल पूर्ण करा, फोटो मंजूर होऊ द्या, मगच पैसे भरा. दुसरं म्हणजे रमजान. रोजे, तरावीह, ईदची तयारी यात बऱ्याच घरांत रिश्त्याचं बोलणं थांबतं, कोणी बघायला जात नाही. काही घरांत मोहर्रममध्येही हीच रीत आहे. रमजानच्या पंधरा दिवस आधी तीन महिन्यांचा प्लॅन घेतला तर त्यातला एक महिना तसाच जातो. तोच प्लॅन ईदनंतर घेतला तर नव्वदच्या नव्वद दिवस कामाला येतात. मुलगा सौदी किंवा दुबईला असेल तर त्याच्या सुट्टीच्या साधारण दोन महिने आधी प्लॅन सुरू करावा, म्हणजे तो येईपर्यंत चार-पाच घरांशी बोलणं झालेलं असेल.

मुदत संपली की उरलेले नंबर सहसा बुडतात. काही ठिकाणी मुदत संपण्याआधी रिन्यू केलं तर ते पुढे जोडले जातात, म्हणून शेवटच्या आठवड्यात उरलेले नंबर मोजा. आधी उघडलेले नंबर मुदतीनंतर दिसतीलच याची खात्री नसते, तेव्हा ते वहीत उतरवून ठेवा : नाव, गाव, कधी फोन केला, काय उत्तर आलं. अम्मी, मोठे भाऊ आणि मामू तिघांनी एकाच घरी फोन करण्याचे प्रकारही त्यामुळे टळतात.

हायलाइटचा मामला वेगळा. तुमच्या प्रोफाइलला रंगीत चौकट मिळते आणि यादीत ते वर दिसतं. त्याने जुळणारी स्थळं वाढत नाहीत. वर दाखवलेल्या शोधात ६२ प्रोफाइल होती. एवढी छोटी यादी बघणारा शेवटपर्यंत जातो, तुम्ही वर असा की खाली. कोकणी, बागवान, मोमीन अशी बिरादरी निवडून एकाच जिल्ह्यात शोधणाऱ्यांना म्हणून हायलाइटचा फायदा कमीच. जिथे यादी हजारोंची आहे, तिथे वर असण्याला किंमत आहे. त्यातही चौकट रंगीत आणि आत फोटो नाही, नोकरीच्या जागी 'नंतर सांगू' असं असेल तर लोक पुढे जातात. घ्यायचंच असेल तर हायलाइट पूर्ण मुदतीसाठी आहे की पहिल्या काही दिवसांसाठी, हे विचारा. आणि मुलीचं प्रोफाइल जास्त लोकांपुढे जावं असं घरात सगळ्यांना वाटतं का, हेही आधी बोलून घ्या. तिच्या प्रोफाइलवर अब्बांचा किंवा भावाचा नंबर द्यावा आणि फोटो होकार दिलेल्यांनाच दिसेल अशी सेटिंग ठेवावी.

"ऑफर आज रात्री बारापर्यंतच" हे दर आठवड्याला ऐकू येतं. अशी खोटी घाई दाखवणं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या नियमांत मनाई केलेल्या प्रकारांपैकी एक आहे. पैसे भरताना ऑटो-रिन्यूची खूण आधीच लावलेली असेल तर काढा. कार्डवरून आपोआप पैसे कापण्याआधी बँकेने किमान २४ तास आधी सूचना द्यायची असते, तो मेसेज दुर्लक्षित करू नका. फोनवर कबूल केलेलं मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कंपनी मुंबई-चेन्नईची असली तरी तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. प्लॅनचा स्क्रीनशॉट, पावती आणि ते लेखी उत्तर जपून ठेवा. आणि नंबर मिळाल्यावर समोरचा "कस्टममध्ये पार्सल अडकलंय" म्हणत पैसे मागायला लागला आणि तुमच्याकडून पैसे गेले, तर तो मामला वेबसाइटच्या तक्रारीचा नाही, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा.