पंधरा रुपयांतील आठ रुपये

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव घेतले की अर्थसंकल्पावरील त्यांची भाषणे आणि १९०५ साली त्यांनी स्थापन केलेला भारत सेवक समाज आपल्याला आठवतो. त्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. वास्तविक ज्या शिक्षणावर ही सारी कीर्ती उभी राहिली, त्याचा खर्च गोविंदरावांनी सोसला होता.

गोखल्यांचे घराणे कोकणातील. वडील कृष्णराव यांनी कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात प्रथम कारकुनी केली व पुढे ते फौजदार झाले. पगार बेताचा, त्यात पत्नी, दोन मुलगे आणि चार मुली असा संसार. दोन्ही मुलगे कोल्हापुरास शिकत असताना १८७९ साली कृष्णराव वारले. गोविंदराव तेव्हा अठरा वर्षांचे होते आणि गोपाळ तेरा वर्षांचा. घरात शिल्लक अशी काही नव्हतीच. चुलते अंताजी यांनी विधवा भावजय व मुले यांना कोकणात आपल्याजवळ नेले. पण त्यांचीही स्थिती ओढगस्तीचीच होती.

दोघांपैकी एकानेच शिकावे, हे परिस्थितीनेच ठरवून टाकले होते. गोविंदरावांनी शिक्षण सोडले आणि कागलास दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यांपैकी ८ रुपये ते कोल्हापुरास गोपाळला पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचे सारे घर. म्हणजे एका विद्यार्थ्यासाठी निम्म्याहून अधिक पगार आणि इतर सर्वांसाठी निम्म्याहून कमी. ही वाटणी सहज झाली असेल असे मानण्याचे कारण नाही. चार बहिणींच्या शिक्षणासाठी कोणी काही बाजूला काढल्याचा उल्लेख मात्र चरित्रकार करीत नाहीत. त्या काळी कुटुंबाची आशा मुलग्यावरच ठेवली जाई, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ते ८ रुपये गोपाळच्या हाती कसे वापरले जात? रुपयाचे सोळा आणे धरले तर दिवसाला जेमतेम चार आणे पडत. त्यात राहणे, जेवण, फी आणि दिव्याचे तेल. एकदा एका मित्राने त्याला नाटकाला नेले. हा मित्राचा पाहुणचारच आहे, अशी गोपाळची समजूत. पण पुढे मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने ते निमूटपणे दिले आणि ती तूट भरून काढण्यासाठी घरातील दिवा बंद ठेवून रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास केला. थोरल्या भावाकडे जादा पैसे मागणे त्याच्या मनाला शिवलेही नाही. ते पैसे कोणाच्या ताटातून येतात, हे त्याला पुरते ठाऊक होते.

१८८१ मध्ये मॅट्रिक झाल्यावर गोपाळने स्वतःच सांगितले की आता आपण नोकरी करून भावाचा भार हलका करणार. गोविंदरावांनी ते मानले नाही. त्यांच्या पत्नीने तर दिराच्या कॉलेजसाठी आपले दागिने देण्याची तयारी दाखविली. राजाराम कॉलेजापासून सुरू झालेले हे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात १८८४ साली बी.ए. होऊन पुरे झाले. शेवटी मिळालेल्या दरमहा २० रुपयांच्या शिष्यवृत्तीने घरचे ओझे काहीसे उतरले.

यानंतरचा प्रसंग मला अधिक विचार करावयास लावणारा वाटतो. १८८५ मध्ये गोपाळराव पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक झाले. टिळक-आगरकरांच्या सहवासात त्यांना डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य व्हावेसे वाटले. याचा अर्थ अल्प वेतनावर वीस वर्षे सेवेचे बंधन. घरची अपेक्षा मात्र वकिलीची किंवा मोठ्या हुद्द्याची होती, आणि ती गैर कशी म्हणावी? स्वतःचे शिक्षण सोडून ज्याने भावाला शिकविले, त्याने आता संसाराला थोडी सुबत्ता येईल असे म्हटले, तर तो त्याचा हक्कच होता. गोपाळराव भावाच्या संमतीवाचून पुढे गेले नाहीत. गोविंदरावांना निराशा गिळावी लागली. पण अखेर त्यांनी होकार दिला. गोपाळरावांनीही आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून भावाच्या संसाराला सतत हात दिला.

वडिलांच्या जागी उभा राहिलेला थोरला भाऊ फी भरतो, तेव्हा त्या पैशाबरोबर एक अपेक्षाही धाकट्याच्या पदरी पडते. ती कोणी बोलून दाखवीत नाही. गोविंदरावांनी दोनदा त्याग केला. १८७९ मध्ये त्यांनी आपले शिक्षण सोडले आणि पुढे सात वर्षांनी त्या शिक्षणाच्या मोबदल्याची आशा सोडली. पहिला त्याग परिस्थितीने करविला. दुसरा त्यांनी स्वखुशीने केला. म्हणूनच तो मला मोठा वाटतो.