राउटरच्या तळाची चिठ्ठी

घरातला राउटर उलटा केला की तळाशी एक पांढरी चिठ्ठी दिसते. तिच्यावर बारीक अक्षरांत वायफायचे नाव आणि पासवर्ड, अनुक्रमांक, एक पत्ता आणि लॉगिनची एक जोडी छापलेली असते. जुन्या राउटरवर बहुतेक वेळा ती जोडी admin / admin अशी असते. पण या जोडीचे कुळ राउटरपेक्षा जुने आहे.

१९८०च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी कंपनीची व्हॅक्स यंत्रे विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत असत. नव्या यंत्रात काही खाती आधीच उघडलेली असायची. SYSTEM या नावाला पासवर्ड MANAGER आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसासाठी FIELD या नावाला SERVICE. यंत्र ताब्यात आल्यावर ते बदलायचे, अशी अपेक्षा होती, पण बदलत कोण होते? १९८६मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ हिशेबातल्या ७५ सेंटच्या फरकामागे लागला आणि एका जर्मन घुसखोरापर्यंत पोहोचला. त्या घुसखोराला बरीच यंत्रे अशा कारखानी जोड्यांनीच उघडलेली सापडत होती.

पुढे राउटर घरात आला आणि ही सवयही सोबत आली. लिंक्सिसच्या २००२च्या प्रसिद्ध WRT54G राउटरमध्ये नाव रिकामे सोडायचे आणि पासवर्ड admin लिहायचा. डी-लिंकच्या अनेक राउटरांत उलटे: नाव admin आणि पासवर्ड रिकामा. (रिकाम्या चौकटीवर विश्वास न बसून माणसे त्यात काहीतरी लिहितातच.) २००५मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले, तेव्हा फोनच्या तारेवर चालणारे मोडेमही admin / admin घेऊनच गावोगाव पोहोचले. कंपनीच्या दृष्टीने यात सोय होती. लाखो डबे एकसारखे, एकच माहितीपत्रक, आणि तक्रार आली तर फोनवर सांगायला एकच उत्तर.

त्या सोयीची किंमत पुढे दिसली. २०१६मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने अशा साठेक जोड्यांची यादी घेऊन जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. जुलै २०१७च्या अखेरीस भारतात बीएसएनएल आणि एमटीएनएलचे हजारो मोडेम अशाच हल्ल्यात बंद पडले. बीएसएनएलने ग्राहकांना सांगितले ते एवढेच: कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. मग कायदे आले. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२०पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड देण्याची पद्धत बंद केली. म्हणून आजच्या चिठ्ठ्या तीन पिढ्यांच्या आहेत. जुनीवर admin / admin असते. मधलीवर प्रत्येक डब्याचा वेगळा पासवर्ड असतो. नवीवर कधी कधी लॉगिन नसतेच. फक्त वायफायचा पासवर्ड असतो आणि पहिल्यांदा राउटरचे पान उघडेल तेव्हा मालकानेच पासवर्ड ठरवायचा असतो. टीपी-लिंकचे अलीकडचे राउटर असेच आहेत.

आता इगतपुरीतला एक बंगला घ्या. मालक ठाण्यात आणि बंगला शनिवार-रविवार भाड्याने. वायफायचा पासवर्ड आजवर आलेल्या सगळ्या पाहुण्यांना माहीत झालाय, म्हणून तो बदलायचाय. त्यासाठी राउटरच्या पानात शिरायला हवे, आणि तिथला पासवर्ड राउटर बसवणाऱ्या भाच्याला आठवत नाही. पावसाळी दमटपणाने चिठ्ठीवरची शाई पुसट झालेली. वायफायचा पासवर्ड आणि राउटरचा पासवर्ड हे दोन वेगळे, हे इथेच लक्षात घ्यायला हवे. पहिला चालतोय म्हणून दुसराही तोच असेल असे नाही.

या घरात डबे दोन आहेत. भिंतीवर फायबर ज्यात येते तो कंपनीचा डबा, आणि त्याला जोडलेला घरचा राउटर. निम्म्या वेळा माणूस एका डब्याची चिठ्ठी वाचून दुसऱ्याच्या पानावर पासवर्ड लिहीत असतो. म्हणून आधी आपण कोणाच्या दारात उभे आहोत ते बघावे. विंडोज संगणकावर:

```
ipconfig
```

यात Default Gateway समोर दिसतो तो आपण जोडलेल्या डब्याचा पत्ता, समजा 192.168.0.1. कंपनीचा डबा बहुधा 192.168.1.1 वर असतो. पत्ता चिठ्ठीशी जुळला, तर तो ब्राउझरमध्ये उघडून चिठ्ठीवरची जोडी एकदा, नीट, लहान-मोठी अक्षरे सांभाळून लिहावी. सारखी चुकली तर काही राउटर थोडा वेळ दार लावून घेतात. त्या वेळेत बरोबर पासवर्डही नाकारला जातो, आणि माणसाला वाटते तोही चुकीचाच होता.

चिठ्ठी नाकारली गेली, तर तिच्यात चूक नाही. ती डबा कारखान्यातून निघाला त्या दिवसाचे सांगते आणि भाच्याने पासवर्ड नंतर बदललाय. मग भाच्याच्या जुन्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डांत 192.168 शोधावे. राउटरचे ॲप कुणाच्या फोनवर अजून लॉगिन असेल, तर तिथूनच वायफायचा पासवर्ड बदलता येतो आणि प्रश्न मिटतो. हेही संपले की रीसेट.

बँकेसारखे ‘पासवर्ड विसरलात?’ इथे सहसा नसते, कारण राउटर मालकाला ओळखत नाही. त्याच्याकडे ना मोबाइल नंबर, ना ईमेल. डबा हातात असणे हाच त्याच्या लेखी मालकीचा पुरावा, म्हणून मागच्या बारीक भोकातले बटण. पण मग रीसेटने नुसता पासवर्ड का जात नाही, सगळे का पुसते? एकतर सगळ्या नोंदी एकत्र ठेवलेल्या असतात. दुसरे म्हणजे फक्त पासवर्ड पुसला असता, तर टाचणी घेतलेल्या कुठल्याही पाहुण्याला इंटरनेट कंपनीचे लॉगिन आणि वायफायची गुपिते आयती वाचता आली असती.

म्हणूनच बटण दाबण्याआधी एक फोन करावा. फायबरच्या जोडणीत अनेकदा पीपीपीओई नावाचे एक लॉगिन असते, आणि ते या दोन डब्यांपैकी एकात भरलेले असते. ते घरच्या राउटरमध्ये असेल आणि कागदावर कुठेच नसेल, तर रीसेटनंतर वायफाय दिसेल पण इंटरनेट येणार नाही. कंपनीकडून वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅनचा आकडा आधी लिहून घ्यावा. भिंतीवरच्या डब्याला मात्र हात लावू नये. त्याचा मुख्य पासवर्ड अनेकदा कंपनीने मुद्दाम बदललेला असतो आणि रीसेटने त्यातली कंपनीची नोंदणी पुसली गेली, तर माणूस बोलवावा लागतो. घोटीहून तंत्रज्ञ येईपर्यंत शनिवार निघून जातो.

मग घरच्या राउटरची वीज चालू ठेवून सरळ केलेल्या कागदी पिनेने बटण दहा सेकंद दाबायचे. काही डब्यांत कमी पुरते, काहींत जास्त लागते, म्हणून दिवे एकदम लुकलुकले की सोडायचे. झटकन सोडले तर काही राउटर नुसते पुन्हा सुरू होतात. काहींत हेच बटण डब्ल्यूपीएसचेही असते, आणि थोडाच वेळ दाबले तर रीसेटऐवजी डब्ल्यूपीएस सुरू होते. नंतर दोन-तीन मिनिटे वीज जाऊ देऊ नये. इगतपुरीच्या जुलैत ही अट सोपी नाही, म्हणून डबा इन्व्हर्टरवर असताना हे करावे.

रीसेट झाला की नाही ते फोनच्या वायफाय यादीत कळते. बंगल्याचे नाव जाऊन चिठ्ठीवरचे नाव दिसले की झाला. जुनेच नाव असेल तर बटण नीट दाबले गेले नाही. यानंतर मात्र चिठ्ठी खरी ठरते. तिच्यावरची जोडी चालते, किंवा नव्या पिढीचा राउटर आधी नवा पासवर्ड मागतो. तो ठरवायचा, पीपीपीओई भरायचे, आणि वायफायला जुनेच नाव व नवा पासवर्ड द्यायचा. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय चालू केले, तर पुढच्या वेळी फक्त तोच पासवर्ड बदलावा लागेल. टीव्हीला नवा पासवर्ड पुन्हा सांगावा लागतो, आणि कॅमेऱ्यालाही. तो बहुधा छपराखाली उंचावर असतो, तेव्हा शिडीची सोय आधीच बघावी.