चेंडू कुठं गेला ते सांग

आमच्या गिरीजला कॉमेंट्री दोन वाटांनी आली. आधी रेडिओतून आणि मग बऱ्याच वर्षांनी मैदानावरच्या कर्ण्यातून. दोन्हींचं नाव एक असलं तरी धंदा वेगळा. रेडिओवाला ज्यांना काही दिसत नाही त्यांच्यासाठी बोलतो, कर्ण्यावाला ज्यांच्या डोळ्यांसमोर सगळं चाललंय त्यांच्यासाठी. मी वीसेक वर्षं गावच्या टेनिस बॉलच्या सामन्यांत माईक धरला. त्यामुळे हा फरक मला पुस्तकातून नव्हे, घशातून कळला.

1964 चा दसरा आमच्या पिढीला आठवतो तो झेंडूच्या तोरणांपेक्षा बोर्ड्यांसाठी. मुंबईला ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा शेवटचा दिवस होता. जिंकायला 254 हव्या होत्या. सहा गडी 122 लाच बाद झाले आणि वाडीतल्या निम्म्या माणसांनी आशा सोडली. मग पतौडी आणि विजय मांजरेकर उभे राहिले. तेही गेले, आठ बाद 224. राहिले चंदू बोर्डे आणि यष्टीरक्षक इंद्रजितसिंहजी.

आळीत रेडिओ एकाच घरी. ओटा माणसांनी भरलेला, मुलं अंगणात. कॉमेंट्री इंग्रजीत चाललेली आणि ओट्यावर इंग्रजी कळणारे फक्त एक मास्तर. ते रेडिओला कान लावून बसलेले आणि आम्ही मास्तरांच्या तोंडाकडे बघत. ते वाक्य ऐकायचे आणि लगेच मराठीत सोडायचे, "आला… मारलान्… एक धाव." आम्हाला सामना दोनदा कळायचा. आधी रेडिओतून लोकांच्या गलक्याचा आवाज यायचा, म्हणजे काहीतरी झालंय. काय झालंय ते मास्तरांकडून. त्या मधल्या दोन सेकंदांत ओट्यावर कोणी श्वास घेत नसे. भारताने आठ बाद 256 करून सामना जिंकला, बोर्डे 30 वर नाबाद. शेवटच्या फटक्याला मास्तर भाषांतर करायचंच विसरले, नुसते उठून उभे राहिले. त्यावरूनच आम्ही समजलो.

आता वाटतं, गिरीजमधला पहिला मराठी समालोचक तो मास्तर. माईक नाही, मानधन नाही आणि समोर ऐकणारे सगळे आंधळे.

'आंधळे' हा शब्द मी उगाच वापरला नाही. खेळाच्या कॉमेंट्रीची सुरुवातच तशी आहे. 1927 च्या जानेवारीत बीबीसीने इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचं वर्णन प्रक्षेपित केलं. बोलणारे टेडी वेकलॅम हे स्वतः रग्बी खेळलेले, पण माईकपुढे नवखे. मग एक युक्ती केली गेली. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठीच्या संस्थेतला एक अंध माणूस आणून वेकलॅमसमोर बसवला आणि सांगितलं, देशाला वगैरे सांगू नका, फक्त याला सांगा. आपल्याकडे 1934 साली बॉबी तल्यारखानांनी मुंबईतल्या पारशी-मुसलमान सामन्याचं वर्णन केलं. एकट्यानं, दिवसभर. शेजारी दुसरा बोलणारा त्यांना चालत नसे, म्हणून पुढे आकाशवाणीने तिघांत माईक वाटायचा म्हटल्यावर त्यांनी ते कामच सोडलं.

मराठीत हे काम घराघरांत पोचवलं बाळ ज. पंडितांनी. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. मालाडचं प्रक्षेपण केंद्र आम्हाला जवळ, त्यामुळे वसईत आवाज अगदी खणखणीत यायचा. पानवेलीच्या मळ्यात ट्रान्झिस्टर टांगून लोक काम करायचे. षटक, चौकार, पायचीत, त्रिफळाचीत, निर्धाव हे शब्द वर्तमानपत्रांत होते, पण आमच्या वाडीतली न शिकलेली बाई "पायचीत झाला का गं?" असं विचारायला लागली ती पंडितांच्या आवाजामुळे. वि. वि. करमरकरही मराठीत बोलत. मला त्यांची लेखणी जास्त भावली, कान मात्र पंडितांकडे.

मी माईक धरल्यावर पंडितांना आठवून आठवून ऐकायला लागलो, तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती काळाची. वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात माणूस एक शब्द बोलू शकतो, फार तर दीड. म्हणजे चेंडू हवेत असताना त्याचं वर्णन होऊच शकत नाही. आपल्याला वाटतं, समालोचक सगळं घडत असताना सांगतोय. खरं तर तो चेंडूच्या आधीचं आणि नंतरचं सांगतो. मधल्या अर्ध्या सेकंदाला तो गप्प असतो आणि तो अर्धा सेकंद ऐकणाराच भरून काढतो.

आता हेच मराठीत कसं बसतं बघा. "वळलाय… धावत येतोय… पंचांच्या जवळून… टाकला." इथे श्वास. बॅटचा आवाज येऊ द्यायचा. मग, "कव्हरमधून मारला! चेंडू चाललाय सीमारेषेकडे, मागे दोघं धावताहेत, एकजण पोचतोय… अडवलाय. दोन धावा. चार बाद एकेचाळीस." नीट पाहिलं तर यात सगळं वर्तमान नाही. धावणं वर्तमानात, टाकणं आणि मारणं भूतकाळात, कारण तोंडातून शब्द निघेपर्यंत ते होऊन गेलेलं असतं, आणि चेंडू गवतावरून पळायला लागला की पुन्हा वर्तमान, कारण आता सांगायला तीन-चार सेकंद मिळतात. नवीन पोरं माईकवर "तो चेंडू टाकतो, तो मारतो" असं म्हणतात. ते चूक नाही, पण मराठी कानाला ते नाटकातल्या सूचनेसारखं किंवा रोजच्या सवयीसारखं लागतं. "मारलाय" म्हटलं की चेंडू अजून हवेत असल्यासारखा वाटतो. हा 'लाय' आमच्या भाषेनं कॉमेंट्रीला दिलेली भेटच म्हणा ना.

दुसरी गोष्ट, आधी जागा आणि मग कौतुक. "काय फटका, काय फटका!" असं आधी ओरडलं की ऐकणाऱ्याला फक्त एवढंच कळतं की ओरडणारा खूश आहे. "लाँगऑनवरून" म्हटलं की त्याच्या डोक्यातलं मैदान हलतं. आमच्या मैदानाला लाँगऑन वगैरे नव्हतं. भात कापल्यावरचं शेत, त्यावर रूळ फिरवलेला. म्हणून आम्ही जागांना गावची नावं दिली होती. विहिरीकडे, चिंचेकडे, केळीच्या बागेकडे, डोंगरीकडे. हिराडोंगरी पाठीमागे दिसायची, सरळ फटका म्हणजे "डोंगरीकडे". बाहेरगावच्या संघातली माणसं हसायची, पण दुपारपर्यंत तीही तसंच बोलायला लागायची.

ही सवय मला लावली ती आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं. उमेदीत चांगला खेळलेला, पुढे दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं. नातू त्याला हात धरून आणायचा आणि माझ्या टेबलाशेजारी बाकड्यावर बसवायचा. मी विनोद करायला लागलो, देणगीदारांची नावं वाचायला लागलो की काठीचं टोक टेबलाच्या पायावर आपटायचा. "अरे बाबा, ते राहू दे. चेंडू कुठं गेला ते सांग." मैदानावर हजार माणसं डोळ्यांनी बघत होती, त्यांना माझी गरज नव्हती. गरज त्या एकाला होती. म्हणून मी त्याच्यासाठी बोलायला लागलो आणि गंमत अशी की बाकीचेही कान देऊन ऐकायला लागले.

त्याची दुसरी तक्रार गुणफलकाची. उशिरा आला की पहिला प्रश्न, "किती झाले?" आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं काही त्याच्या कानात शिरत नसे. अमेरिकेत बेसबॉलचा रेड बार्बर नावाचा मोठा निवेदक तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ समोर ठेवायचा. वाळू संपली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटं करायचं. आमच्याकडे ते काम काठीनं केलं. धाव निघाली की लगेच, नाही निघाली तरी षटक संपताना: किती झाले, किती बाद, किती चेंडूंत किती हवेत.

उत्साह चढवण्याचं गणितही वेगळं आहे. सहा षटकांच्या सामन्यात पहिल्याच चौकाराला गळा फोडला की शेवटच्या षटकाला आवाज जाणार कुठे? वर जागाच उरत नाही. आवाज मोठा करण्याआधी वाक्यं छोटी करावी लागतात. चौथ्या षटकात मी म्हणायचो, "गोलंदाज पुन्हा आपल्या जागेकडे चाललाय, फलंदाजाने क्षेत्ररक्षणावर एकदा नजर टाकलीय." शेवटच्या षटकात तेच, "तीन चेंडू. सात धावा. आला… विहिरीकडे! दोन. पाच हव्यात." क्रियापदं गळून पडतात, आकडे राहतात. आवाज आपोआप चढतो, चढवावा लागत नाही. आणि शेवटच्या चेंडूला, सोप्या झेलाच्या वेळी, "आऊट" हा शब्द पंचांचं बोट वर जाईपर्यंत तोंडातून काढायचा नाही. "झेल उडालाय, खाली उभा आहे, हात वर…" इथवर सांगायचं आणि थांबायचं. कर्ण्यातून "आऊट" गेला आणि पंचांनी नो-बॉल दिला की मैदानावर काय होतं, ते वसईतल्या कुठल्याही आयोजकाला विचारा. एका वर्षी एका बाहेरच्या निवेदकानं अशीच घाई केली. सामना सव्वा तास थांबला आणि अंधार पडल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी तीन चेंडूंसाठी दोन्ही संघांना पुन्हा यावं लागलं.

टीव्ही आल्यावर गावच्या निवेदकांचं बोलणं बदललं. टीव्हीत चित्र असतं, म्हणून तिथला माणूस चेंडूबद्दल न बोलता फलंदाजाच्या मनाबद्दल, मागच्या विक्रमाबद्दल बोलतो. ते त्याला शोभतं. पोरांनी तीच ढब मैदानावर आणली, वर सिनेमाचे संवाद घातले. कबड्डीत तर हे फारच खटकतं. चढाई तीस सेकंदांची. एवढ्यात कोण शिरलाय, कुठल्या बाजूला, समोर किती उरलेत, बोनस रेषा ओलांडली की नाही, एवढं सांगता सांगताच वेळ संपतो. विनोदाला जागाच कुठे?

अलीकडे आमचे सामने मोबाईलवरून यूट्यूबला दाखवतात. कॅमेरा एका टोकाला, तिपाईवर. पिवळा टेनिस बॉल तिथून मोहरीएवढाही दिसत नाही. बघणारे आखातात, कॅनडात, कोणी मुंबईच्या लोकलमध्ये लटकलेले. गेल्या मे महिन्यात भाच्यानं माईक धरला होता. दुबईला गाडी चालवणारा त्याचा मित्र, फोन खिशात आणि वायर कानात, फक्त ऐकत होता. मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. भाच्याला वाटलं, शाबासकी द्यायला केलाय. तो म्हणाला, "बाकी सगळं मस्त रे, पण मघाचा सिक्स चिंचेवरून गेला की केळीतून?"