बहुपदीची किमान कोटी, आलेखावरून

बहुपदीचे सूत्र हाती नसताना केवळ आलेखावरून तिची कोटी निश्चित सांगता येत नाही. कोटी किमान किती असलीच पाहिजे, एवढेच सांगता येते. n कोटीच्या बहुपदीचा अवकलज n−1 कोटीचा असतो, म्हणून आलेखाला फार तर n−1 वळणबिंदू असतात. वळणबिंदूंच्या संख्येत एक मिळवला की किमान मर्यादा मिळते. दोन्ही टोके एकाच दिशेला गेली तर कोटी सम, विरुद्ध दिशांना गेली तर विषम.

समजा, आलेख x = −2 पाशी अक्षाला स्पर्श करून मागे वळतो, x = 1 पाशी सपाट होत अक्ष ओलांडतो, x = 3 पाशी तिरका ओलांडतो आणि दोन्ही टोकांना वर जातो. वळणे तीनच दिसतात, म्हणून उत्तर चार द्यावेसे वाटते. ते चूक आहे. स्पर्शाच्या ठिकाणी मूळ किमान दोनदा येते, सपाट छेदाच्या ठिकाणी किमान तीनदा. बेरीज 2 + 3 + 1, म्हणजे सहा. टोकांशीही हे जुळते. (x+2)²(x−1)³(x−3) या बहुपदीचा आलेख नेमका असाच असल्याने सहा ही किमान कोटी ठरते.

वळण न घेता सपाट होणारी जागाच बहुधा नजरेतून सुटते. ती अक्षापासून दूर असली, तरी तिथे अवकलजाचे मूळ किमान दोनदा मोजावे लागते. चौकटीबाहेर आणखी वळणे असतील, तर मात्र काढलेली मर्यादा तोकडी पडते.