रजा रोखीकरण (विनंती-अर्ज)

रजा रोखीकरण म्हणजे खात्यावर साठलेली अर्जित रजा प्रत्यक्ष न उपभोगता तिच्या दिवसांचे वेतन रोख घेणे. अर्जित रजा ही कामाच्या दिवसांच्या प्रमाणात मिळणारी भरपगारी रजा असून ती पुढील वर्षात ओढता येते, आणि त्यामुळेच तिचे रोखीकरण संभवते. नैमित्तिक रजा वर्षअखेरीस संपुष्टात येत असल्याने तिचे पैसे सर्वसाधारणपणे मागता येत नाहीत. बोलण्यात ‘लीव्ह एन्कॅशमेंट’ किंवा ‘रजा विकणे’ असे म्हटले जाते. अर्जात मात्र ‘विकणे’ हा शब्द टाळावा, कारण मागणीचा आधार नियम असतो, सौदा नव्हे.

सेवेत असताना रोखीकरण मागण्याचा हक्क सरसकट नसतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला प्रवास सवलतीच्या वेळी एका खेपेस १० दिवसांपर्यंत आणि संपूर्ण सेवेत ६० दिवसांपर्यंत अर्जित रजेचे रोखीकरण मिळते, परंतु त्यानंतर खात्यावर किमान ३० दिवस शिल्लक राहावे लागतात. महाराष्ट्रातील खासगी दुकाने, कार्यालये व हॉटेले यांतील कामगारांची स्थिती वेगळी असून ती महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ याच्या कलम १८ वरून ठरते. हा अधिनियम लागू असलेल्या आस्थापनेत, वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते आणि ती कमाल ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी मागितलेली देय रजा मालकाने नाकारली, तर ४५ दिवसांवरील रजेचे रोखीकरण मागण्याचा हक्क कामगाराला प्राप्त होतो. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी व गोपनीय स्वरूपाच्या पदांना हा अधिनियम लागू नसल्याने तेथे नेमणूकपत्र व आस्थापनेचे रजा-नियम हाच आधार उरतो.

या तरतुदीचा व्यवहारातील अर्थ असा की, रोखीकरणाच्या अर्जाचे भवितव्य त्याआधीच्या रजेच्या अर्जावर अवलंबून असते. रजा तोंडी मागितली आणि ‘सध्या जमणार नाही’ असे तोंडीच उत्तर मिळाले, तर नकाराचा पुरावा उरत नाही व ४५ दिवसांवरील रजा वाया गेल्याचे सांगितले जाते. म्हणून रजेचा अर्ज लेखी द्यावा, त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि नकार निदान ईमेलवर तरी मागून ठेवावा.

उदाहरणार्थ, एखाद्या लेखा-लिपिकाच्या खात्यावर वर्षारंभी ४० दिवस रजा होती, वर्षात २८८ दिवस काम केल्याने १४ दिवसांची भर पडली आणि एकूण ५४ दिवस झाले, असे समजू. त्याने ९ दिवसांची रजा तीन आठवडे आधी लेखी मागितली व कामाच्या निकडीमुळे ती नाकारली गेली, तर ४५ वरील ९ दिवस रोखीकरणास पात्र ठरतात. त्याच्या अर्जाचा मजकूर पुढीलप्रमाणे असू शकेल:

‘विषय : अर्जित रजेच्या रोखीकरणाबाबत. संदर्भ : माझा दि. … रोजीचा रजेचा अर्ज व त्यावरील आपले दि. … रोजीचे उत्तर. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, माझ्या खात्यावर ५४ दिवसांची अर्जित रजा शिल्लक असून संदर्भाधीन अर्जान्वये मागितलेली ९ दिवसांची रजा कामाच्या निकडीमुळे मंजूर होऊ शकलेली नाही. सबब, ४५ दिवसांच्या मर्यादेवरील ९ दिवसांच्या रजेचे कलम १८ अन्वये रोखीकरण मंजूर करून देय रक्कम वेतनासोबत अदा करावी, ही विनंती. सोबत रजा-हिशेबाचा उतारा जोडला आहे.’

या मजकुरात मुलाचे शिक्षण किंवा घरातील आजारपण यांचा उल्लेख नाही आणि तो नसणेच योग्य, कारण अडचण सांगितली की हक्काची मागणी मेहेरबानीच्या विनंतीसारखी वाचली जाते. ज्या आस्थापनेत रोखीकरण केवळ व्यवस्थापनाच्या मर्जीवर आहे, तेथे मात्र कारणाचे एक वाक्य लिहिण्यास हरकत नसते. तेथे ‘कलमान्वये’ऐवजी ‘आस्थापनेच्या रजा-नियमांनुसार’ असे लिहावे.

रक्कम ठरवताना सरकारी पद्धतीत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेला ३० ने भागून दिवसांनी गुणतात. काही खासगी आस्थापना साप्ताहिक सुट्ट्या वगळून २६ ने भागतात. वरील लिपिकाची ही बेरीज ३९,००० रुपये असेल, तर पहिल्या रीतीने ११,७०० आणि दुसऱ्या रीतीने १३,५०० रुपये होतात. त्यामुळे भाजक कोणता, हे अर्ज देण्यापूर्वीच रजा-नियमांत पाहून घेणे इष्ट. सेवेत असताना मिळालेली ही रक्कम संपूर्णपणे करपात्र वेतन मानली जाते. रोखीकरणावरील प्राप्तिकराची सूट निवृत्तीच्या किंवा नोकरी सोडण्याच्या वेळी मिळणाऱ्या रकमेपुरतीच आहे.